सोमवारी रात्री नाही जमणार, ताई

सणाच्या रात्री ज्या रायडरला यायचं नसतं तो शक्यतो मेसेज करतच नाही. तो फोन स्विच ऑफ करतो, नाहीतर सहाच्या स्लॉटला लॉगिन होतो आणि पहिली ऑर्डर पडली की ऑफलाईन जातो, मग दुसऱ्या दिवशी दुपारी येऊन म्हणतो गाडी पंक्चर होती, तब्येत बरी नव्हती, गावाकडं कुणीतरी गेलं. मी पुण्यात खराडीच्या बाजूला एका डार्क स्टोअरवर, म्हणजे ॲपवरच्या ऑर्डर जिथून भरून घरपोच जातात त्या गोदामावर, टीएल म्हणजे टीम लीडर आहे. रायडरचा रोस्टर लावणं, संध्याकाळी स्क्रीनसमोर बसून कोणती ऑर्डर कुणाला गेली, कोण कुठं अडकलाय ते बघणं आणि रॅकवर पिशव्या साचायला लागल्या की फोन करत सुटणं हे माझं काम. त्यामुळं ही सगळी कारणं मला तोंडपाठ आहेत. आणि ही पोरं खोटारडी नाहीत हे पण मला माहितीये. खरं सांगून त्यांचा काही फायदाच होत नाही, हे ती पहिल्या महिन्यातच शिकतात.

म्हणून २०२५ च्या गौरी-गणपतीत आलेला एक मेसेज मला इथं नीट मांडायचाय. शनिवारी रात्री शिफ्ट संपल्यावर, बाराला थोडा वेळ असताना आला. पाठवणारा हिंगोलीकडचा, तेवीस-चोवीस वर्षांचा, कामाला चोख, ग्रुपवर कधी एक शब्द न लिहिणारा. मेसेज जसाच्या तसा देते, त्याला विचारून देतीये:

"ताई सोमवारी रात्री नाही जमणार. आमच्या घरी महालक्ष्म्या हायेत. बाबा गेल्यापासून आई एकटीच गावाकडं करायची, यंदा तिला इकडं आणलंय तर महालक्ष्म्या पण इकडंच बसवायच्यात. सोमवारी रात्रीच्याला जेवण असतं त्यांचं, नैवेद्य मलाच दाखवावा लागतो. सकाळी ६ पासून दुपारी ३ पर्यंत कितीबी ऑर्डर द्या, मंगळवारी पण फुल डे करतो. फक्त कॉल करू नका ताई, कॉलवर मला नाही म्हणता येत नाही."

शेवटची ओळ मी परत परत वाचली. कारण कॉल करणं हेच तर माझं काम आहे. कोण येणार नाही म्हणाला की फोन लावायचा, आवाज थोडा चढवायचा, थोडं गोड बोलायचं, ये रे बाबा दोन तास तरी ये, आणि समोरचा ओशाळून "बरं येतो" म्हणतो. यातले निम्मे येतात आणि निम्मे फोन बंद करून टाकतात. या पोरानं ते आधीच ओळखून, लिहूनच ठेवलं.

मी कोकणातली. आमच्याकडं गौर म्हणजे तेरड्याची, डोंगरावरून नाहीतर पाणवठ्यावरून वाजतगाजत आणायची, आणि पूजेच्या दिवशी आमच्या वाडीत तिला तिखटाचा नैवेद्य, मटण-वडे, कुणाकडं चिंबोरी. मराठवाड्यातल्या महालक्ष्म्या म्हणजे काय हे मला रविवारी सकाळी कळलं, तो ऑर्डरच्या मध्ये काउंटरपाशी उभा होता तेव्हा. नाव एकच ज्येष्ठा गौरी, दिवस पण तेच तीन, अनुराधा नक्षत्रावर आणायच्या, ज्येष्ठावर जेवू घालायच्या, मूळ नक्षत्रावर बोळवायच्या, पण त्यांच्याकडं सगळा भार मधल्या दिवसावर. दोघी उभ्या करतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, लोखंडी स्टँडवर साड्या नेसवून, वर पितळी मुखवटे, समोर त्यांची बाळं. मुखवटे आईनं हिंगोलीहून एसटीत स्वतःच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर ठेवून आणले, बॅगेत ठेवले नाहीत. वाघोलीतली त्याची खोली दहा बाय दहाची, तर दोघींना उभं करायला कॉट बाहेर पॅसेजमध्ये काढावी लागली, शेजाऱ्यानं काही बोलू नये म्हणून त्यालाच जेवायला बोलावलं. सोळा भाज्यांची एक भाजी, पुरणाचे सोळा दिवे, पुरणपोळी, आंबील, वर टांगायला फुलोऱ्याच्या करंज्या. दिवेलागणीनंतर आरती, मग पानं वाढायची, नैवेद्य दाखवायचा आणि मग मध्ये पडदा लावून घरातली सगळी माणसं थोडा वेळ बाहेर जाऊन थांबतात. त्या वेळात महालक्ष्म्या जेवतात. हे सांगताना त्याचा आवाज इतका साधा होता, पाहुणे जेवतायत म्हणून आपण बाहेर थांबतो तसा.

"एकदा घरात आल्या की मोडता येत नाहीत ताई," एवढंच तो म्हणाला आणि पुढची ऑर्डर पडली म्हणून गेला.

आता माझी बाजू सांगते, कारण एक माणूस नाही आला तर असं काय होतं हा प्रश्न लोक विचारतात आणि त्याचं उत्तर धड कुणी देत नाही. आमच्या स्टोअरची हद्द साधारण तीन किलोमीटरची. एका ऑर्डरला पिशवी उचलणं, जाणं, सोसायटीच्या गेटवर एन्ट्री, लिफ्ट, परत येणं असं सगळं धरून वीसेक मिनिटं जातात, म्हणजे एक रायडर तासाला तीन ऑर्डर करतो. गौरीपूजनाच्या संध्याकाळी सात ते नऊ तासाला शंभरच्या आसपास ऑर्डर येतील असा अंदाज वरून आला होता. फुलं, नारळ, दूध, आईस्क्रीम, कागदी प्लेटा, ऐनवेळी संपलेलं तूप. शंभर भागिले तीन, म्हणजे चौतीस माणसं रस्त्यावर पाहिजेत. माझ्या रोस्टरवर चाळीस होती. सहा जास्त का, तर रोज दोन-चार गळतातच म्हणून.

एक कमी झाला तर खरं सांगायचं तर काही होत नाही, बाकीचे ओढून नेतात. तीन कमी झाले तरी जरा उशीर होतो इतकंच. पण लागतात त्यापेक्षा पाच-सहा कमी झाले की गाडी वेगळ्याच वाटेला लागते. आतली पोरं पिशवी दोन मिनिटांत भरून रॅकवर ठेवतात, पण न्यायला कुणी नाही, तासाला पंधरा-अठरा पिशव्या मागं पडत जातात आणि त्या पुढच्या तासाच्या ऑर्डरच्या आधी जाव्या लागतात, म्हणून पुढच्या तासाला उशीर दुप्पट. आठला रॅक बघितला की कळतं, खालचा कप्पा भरून पिशव्या जमिनीवर आल्या की समजायचं आता नऊपर्यंत हे सावरत नाही. मग लोक कॅन्सल करतात, आईस्क्रीम वितळतं, आणि जी पोरं आली आहेत त्यांच्यावर सगळ्यांचा राग निघतो. शेवटी ॲपवर स्टोअर थोडा वेळ बंद दाखवतात.

आणि हे टाळता येतं. पण त्यासाठी मला आधी कळायला लागतं. संध्याकाळी साडेसहाला कळलं की दहा जण नाहीत, तर माझ्या हातात फक्त फोन उरतो. आदल्या दिवशी कळलं तर तीन गोष्टी करता येतात. सकाळच्या शिफ्टमधल्या कुणाला दुपारी घरी पाठवून संध्याकाळी परत बोलावता येतं. शेजारच्या स्टोअरकडून दोन-तीन माणसं मागता येतात, पण त्यांना पण त्यांचा रोस्टर बघायचा असतो, ऐनवेळी कुणी देत नाही. आणि तिसरी, सगळ्यात कामाची, सात ते नऊ हद्द तीनवरून दोन किलोमीटर करून घेता येते. लांबच्या ऑर्डर त्या दोन तासांत येतच नाहीत आणि एक रायडर तासाला तीनऐवजी साडेतीन, कधी चार फेऱ्या करतो. त्याला वरची परवानगी लागते आणि ती दुपारी मागितली तर मिळते, पेटलेलं असताना मागितली तर "आता नाही करता येणार, मॅनेज करा" असं उत्तर येतं.

म्हणजे शनिवारी रात्री आलेला तो मेसेज हा नकार होता हे खरं, पण माझ्यासाठी ती माहिती होती, आणि ती पण हातात जवळजवळ दोन दिवस असताना. एकट्या त्याच्या नसण्यानं काही अडत नव्हतं. पण त्याच्यावरून माझ्या लक्षात आलं की आपल्या स्टोअरला नांदेड, परभणी, हिंगोली, लातूरची निदान पंधरा पोरं आहेत आणि यातल्या बऱ्याच जणांच्या घरी सोमवारी हेच असणार, फक्त बाकीचे सांगणार नाहीत. वरून आलेल्या कॅलेंडरमध्ये गणेश चतुर्थी होती, अनंत चतुर्दशी होती, गौरीपूजन "जास्त ऑर्डर" म्हणून होतं. त्या रात्री ऑर्डर जास्त का येतात, तर घरोघरी सण आहे म्हणून, आणि त्यातली काही घरं ऑर्डर नेणाऱ्यांची आहेत, हे त्या शीटमध्ये कुठंच बसत नव्हतं.

रविवारी सकाळी मी ग्रुपवर टाकलं. "सोमवारी ज्यांच्या घरी सण आहे आणि संध्याकाळी येता येणार नाही त्यांनी आज रात्री ९ पर्यंत मला पर्सनलवर कळवा. कुणालाही कॉल करणार नाही." शेवटचं वाक्य मी त्याच्याकडूनच घेतलं.

दुपारपर्यंत काहीच नाही. सगळ्यांनी वाचलेलं दिसत होतं, उत्तर एकाचंही नाही. मग चारच्या सुमारास एक आला, मग धडाधड आले. एकानं नुसतं "मी पण" लिहिलं. एकानं मुखवट्यांचा फोटो पाठवला, बहुतेक पुरावा म्हणून, मी मागितला नव्हता. एकाला सण नव्हताच, बायकोला नववा महिना लागलाय आणि रात्री तिला एकटं सोडायचं नव्हतं, तो म्हणाला सणाचं सांगू का हेच सांगू कळंना म्हणून हेच सांगितलं. हिंगोलीवाल्याला धरून एकूण अकरा. चाळीसमधून अकरा गेले, राहिले एकोणतीस. पाहिजेत चौतीस.

पाच माणसं कमी. हे रविवारी रात्री कळलं म्हणून सोपं गेलं. बिहारकडचा एक जण स्वतःहून म्हणाला, "दीदी, मेरा डबल लगा दो, बस छठ में मत बुलाना." ओडिशाच्या दोघांना तसंही रूमवर बसून काय करायचं म्हणून दुपारची शिफ्ट सोडून संध्याकाळ पाहिजेच होती, सणाला ऑर्डरमागं पैसे पण जास्त मिळतात. शेजारच्या स्टोअरनं एक दिला. झाले चार. आणि सोमवारी दुपारी मी हद्द कमी करायची परवानगी मागितली, ती दोन तासांसाठी मिळाली.

संध्याकाळी रोस्टरवर तेहतीस होते, आले एकतीस. दोघांचे फोन बंद, ते अकरांतले नव्हते. आठला पाऊस सुरू झाला आणि फेऱ्या मंदावल्या, पंधरा-वीस मिनिटं मला धाकधूक होती, पण रॅकचा खालचा कप्पा काही भरला नाही. हद्द दोन किलोमीटर असल्यानं भिजलेली पोरं लवकर परत येत होती, त्यातच निभावलं. स्टोअर बंद दाखवायची वेळ आली नाही. साडेनऊला ऑर्डर ओसरल्या तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीतून उठले. मोबाईल बघितला तर हिंगोलीवाल्याचा मेसेज, आठ चाळीसचा. "ताई झालं जेवण त्यांचं. माणूस कमी पडत असंल तर येऊ का आता." मी लिहिलं, नको, घरीच थांब.

इथपर्यंत सगळं छान वाटतं. पण त्या पोराचा आठवड्याचा हिशोब बघितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही, आणि माझा जीव तिथंच तुटतो.

आमच्याकडं आठवडा सोमवार ते रविवार. इन्सेंटिव्हच्या अटी तीन, सहा दिवस लॉगिन, रोजचे ठरलेले तास, आणि "पीक डे"ला संध्याकाळचा स्लॉट पूर्ण. पीक डे कोणता ते कंपनी ठरवते, त्या आठवड्यात सोमवार होता. तिन्ही जमलं तर चौदाशे रुपये. दोन जमले आणि तिसरं नाही तर अर्धे नाही, शून्य. त्यानं सोमवारी सकाळी सहा ते तीन काम केलं, मंगळवारी फुल डे केला, रविवारपर्यंत एक दिवस सोडला नाही. इन्सेंटिव्ह शून्य. आणि ज्या दोघांनी न सांगता फोन बंद ठेवले त्यांचं पण शून्य. सिस्टीममध्ये तिघांपुढं एकच शब्द, ॲबसेंट. सांगून न येणारा आणि न सांगता न येणारा यात फरक करणारा रकानाच नाही.

मी वर मेल केला. मेसेजचा स्क्रीनशॉट लावला, सोमवारी रात्रीचे उशिराचे आकडे लावले, लिहिलं की या अकरांनी आधी कळवलं म्हणूनच त्या रात्री स्टोअर चालू राहिलं, यांचा तेवढा एक स्लॉट सोडून बाकी अटी धराव्यात. उत्तर आलं की अटी सगळ्यांना सारख्या आहेत आणि गणित आपोआप होतं. ज्यानं ते उत्तर लिहिलं तो माणूस वाईट नाही, त्याच्याही हातात रकाना नाही. पण मग रकाना कुणाच्या हातात आहे हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही.

यात मला सगळ्यात जास्त काय लागतं ते सांगते. त्याच छताखाली आत पिशव्या भरणारी मुलं पगारावर आहेत, मी पगारावर आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आम्हाला वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि उरलेल्या चार तिथल्या परंपरेप्रमाणे मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर दुप्पट पैसे आणि बदली सुट्टी. किती शहाणपणाचं कलम आहे बघा, कुणाच्या गावचा सण कधी हे आधी बसून ठरवा म्हणतं. रायडर मात्र कागदावर कामगार नाही, "पार्टनर" आहे, त्याच्यापुढं हे कलम येतच नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्यात गिग कामगारांचं नाव आहे, कंपन्यांनी त्यांच्यासाठी निधीत पैसे भरायचे हे पण आहे, आणि ते चांगलंच आहे. पण अपघात, आजारपण, म्हातारपण यांचा विचार करणाऱ्या त्या कायद्यातून सणाच्या एका रात्रीची सुट्टी मिळत नाही.

तो म्हणतो जाऊ द्या ताई, चौदाशे गेले तर गेले. पण त्यानं खोलीचं भाडं त्या महिन्यात पाच दिवस उशिरा दिलं हे मला दुसऱ्याकडून कळलं.

आता माझ्या हातात जे आहे ते मी करते. रोस्टरच्या शीटला मी एक कॉलम जोडलाय, कंपनीचा नाही, माझा. प्रत्येकानं वर्षातली एक रात्र लिहायची जी त्याला कुठल्याही परिस्थितीत पाहिजे. कारण लिहायची गरज नाही, तरी सगळे लिहितात. त्या रात्री त्याला रोस्टरवर घ्यायचंच नाही आणि फोनही करायचा नाही, आणि दुसऱ्याच्या रात्री त्यानं यायचं, एवढीच अट. इन्सेंटिव्ह मला वाचवता येत नाही हे मी पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं, खोटी आशा लावून उपयोग नसतो. पण कंपनीचा पीक डे कधी पडेल हे एक-दोन आठवडे आधी कळतं, आणि ज्याची रात्र त्याच्यावर आदळत नाही त्याचा स्लॉट त्याच आठवड्यात दुसऱ्या दिवशी लावून सहा दिवस भरून देता येतात. काही जणांचे असे वाचतात. बिहारवाल्यानं २७ ऑक्टोबर लिहिलं होतं, छठच्या संध्याकाळच्या अर्घ्याची तारीख, आणि त्या सोमवारी त्याच्या जागी कुणी न सांगता उभा राहिला तो आमचा हिंगोलीवालाच, सहाच्या ठोक्याला लॉगिन.

अडचणी आहेतच. दिवाळीत लक्ष्मीपूजनाची रात्र निम्म्यांनी लिहिली, ती सगळ्यांना देता येत नाही, तिथं चिठ्ठ्या टाकल्या आणि ज्यांची निघाली नाही ती पोरं दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. आणि आमच्याकडं जी मुसलमान पोरं आहेत त्यांनी ईद लिहिली, पण रमजान ईदची तारीख चंद्र दिसल्याशिवाय पक्की होत नाही, आदल्या रात्री कळतं उद्या की परवा. एकानं विचारलं, ताई मी काय लिहू? मग त्यांच्यासाठी मी दोन रकाने सोडलेत, चंद्र ज्या दिवशी दिसेल त्याप्रमाणे एक खोडायचा, आणि त्या दोन्ही रात्रींना राखीव म्हणून त्या सोमवारच्या अकरांतल्या पाच जणांनी नावं दिलीत.